चौदा पिकोकुलंब म्हणजे केवढी पोकळी? सीटीची पीडी टेस्ट पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

टेस्ट बेवर नवीन आलेला माणूस पीडी, म्हणजे पार्शल डिस्चार्ज, मोजणाऱ्या मीटरकडे बघून आधी एकच विचारतो, "किती आला? पास ना?" प्रश्न रास्त आहे, कारण रिपोर्टवर आकडाच जातो. पण मीटरवरचा पिकोकुलंब हा पोकळीत खरोखर उडालेल्या ठिणगीचा चार्ज नसतो. तो अपॅरंट चार्ज असतो, म्हणजे जॉबच्या टर्मिनलवरून जेवढा दिसला तेवढा. दिसलेला आणि उडालेला चार्ज यांत दहापटीचा फरक सहज पडतो. तो का पडतो हे एकदा हिशोब करून बघितलं की टेस्टमधली प्रत्येक पायरी कशासाठी आहे तेही आपोआप कळतं.

उदाहरणासाठी १२ केव्ही वर्गाची रेझिनमध्ये ओतलेली सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, घेऊ. कॅपॅसिटन्स लहान, आत लांबलचक वाइंडिंगची भानगड नाही, आणि कास्टिंगमध्ये राहिलेली हवेची पोकळी हा तिचा नेहमीचा रोग. पीडी शिकायला याहून सोयीचा जॉब नाही.

आधी कागदावर एक पोकळी

प्रायमरी बार आणि अर्थ केलेला कोअर-सेकंडरी यांच्यामध्ये २० मिमी रेझिन आहे असं धरा. रेझिनची परमिटिव्हिटी हवेच्या चौपट. त्यात एक चपटी पोकळी राहिली आहे, चकतीसारखी, २ मिमी व्यासाची आणि अर्धा मिमी जाडीची. डाळीच्या दाण्याहून लहान.

ही पोकळी म्हणजे एक इवलासा कॅपॅसिटर, साधारण ०.०५६ पिकोफॅरडचा. तिच्या वर-खाली उरलेलं १९.५ मिमी रेझिन हा तिच्याशी सिरीजमध्ये असलेला दुसरा कॅपॅसिटर, तो त्याहूनही छोटा, सुमारे ०.००५७ पिकोफॅरड. सिरीजमध्ये ज्याचा कॅपॅसिटन्स कमी त्याच्यावर व्होल्टेज जास्त, म्हणून बहुतेक व्होल्टेज रेझिन खातं आणि पोकळीच्या वाट्याला सुमारे ९ टक्के येतं. नऊ टक्के थोडे वाटतात, पण पोकळीची जाडी एकूण जाडीच्या अडीच टक्केच आहे. म्हणजे हवेवरचा ताण रेझिनवरच्या ताणाच्या जवळजवळ चौपट, आणि हवा तर रेझिनपेक्षा कितीतरी कमजोर.

साध्या वातावरणीय दाबाला अर्धा मिमी हवा सुमारे २.५ केव्ही पीकला फुटते. पोकळीवर २.५ केव्ही यायला जॉबवर सुमारे २७ केव्ही पीक लागतील, म्हणजे १९ केव्ही आरएमएस. त्या क्षणी पोकळीतलं व्होल्टेज जवळजवळ शून्यावर कोसळतं आणि पोकळीत साधारण १५० पिकोकुलंब चार्ज इकडून तिकडे जातो.

बाहेर मात्र एवढा चार्ज दिसत नाही. टर्मिनलवरून आत यायचं तर त्या ०.००५७ पिकोफॅरडच्या रेझिनमधूनच यावं लागतं. त्याला २५०० व्होल्टने गुणा, येतात सुमारे १४ पिकोकुलंब. मीटर दाखवतं ते हे. खऱ्याचा अकरावा हिस्सा.

आता हीच पोकळी २० ऐवजी १० मिमी रेझिनमध्ये ठेवा. पोकळी तीच, ठिणगी जवळपास तीच, पण सिरीजमधला कॅपॅसिटर दुप्पट झाला. मीटर आता २९ पिकोकुलंब दाखवेल आणि डिस्चार्ज १९ ऐवजी सुमारे १० केव्हीलाच सुरू होईल. पोकळीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर २० मिमी रेझिनमध्ये सुरुवात पुन्हा १९ केव्हीलाच होईल, पण क्षेत्रफळ चौपट झाल्यामुळे आकडा ५७ पर्यंत जाईल. म्हणून एकाच डिझाइनचे जॉब शेजारी ठेवून बघताना ढोबळमानाने असं धरावं: आकडा पोकळीच्या पसाऱ्याबद्दल बोलतो, सुरुवातीचं व्होल्टेज तिच्या जाडीबद्दल. ढोबळ म्हणतोय ते मुद्दाम. मोठ्या पोकळीत एकाच ठिणगीत सगळा पृष्ठभाग रिकामा होत नाही, तुकड्यातुकड्याने होतो. त्यामुळे पोकळी फार मोठी असली की आकडा तिला कमीच लेखतो.

जोडणी

टेस्ट ट्रान्सफॉर्मर, त्याच्या पुढे फिल्टर, मग जॉब आणि त्याला समांतर कपलिंग कपॅसिटर, एवढं सर्किट. पोकळी फुटली की जॉबच्या टर्मिनलवर व्होल्टेज अगदी किंचित खाली येतं आणि ते भरून काढायला कपलिंग कपॅसिटर लगेच चार्ज ढकलतो. या कपॅसिटरच्या खालच्या टोकाला बसवलेला क्वाड्रिपोल तो पल्स पकडून मीटरकडे पाठवतो. सीटीचा कॅपॅसिटन्स शंभर पिकोफॅरडच्या आसपास असेल आणि कपलिंग कपॅसिटर १००० पिकोफॅरडचा असेल, तर बहुतेक चार्ज हव्या त्या वाटेने येतो. क्वाड्रिपोल जॉबच्या अर्थ बाजूला लावला तर संवेदनशीलता थोडी वाढते, पण जॉब फुटला तर सगळा फॉल्ट करंट त्याच्यातून जाईल. रोजच्या टेस्टिंगला तो कपॅसिटरखालीच बरा.

सीटीचे पी१ आणि पी२ एकमेकांना शॉर्ट करून एचव्हीला जोडायचे. सेकंडरीचे सगळे टर्मिनल शॉर्ट करून अर्थला, बेसप्लेटही अर्थला, आणि सगळं अर्थिंग एकाच बिंदूवर आणायचं. दोन कोअरच्या सीटीत दुसऱ्या कोअरचे टर्मिनल विसरणं ही नवख्याची ठरलेली चूक. ते मोकळे राहिले की त्यांच्यावर व्होल्टेज चढतं, कुठेतरी ठिणगी पडते, आणि मीटर एकदम शेकड्यांत जातं. मी स्वतः एकदा असा अख्खा जॉब रिजेक्ट शेल्फवर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी हेल्परने टर्मिनल बॉक्स उघडून मला नुसता हात दाखवला: दुसऱ्या कोअरला वायरच नव्हती.

एचव्हीच्या वायरी पातळ, टोकदार नकोत. गुळगुळीत पाइप, टोकांना गोल शील्ड. रेझिनचा पृष्ठभाग कोरड्या फडक्याने पुसून घ्या. मोल्डमधून निघालेल्या जॉबवर रिलीज एजंटचा थर आणि हाताचा घाम असतो, आणि त्यावरचं सरफेस डिस्चार्ज आतल्या पोकळीसारखं भासू शकतं.

कॅलिब्रेशन

मीटरला पिकोकुलंब कळत नाही, त्याला पल्स कळतो. अमुक उंचीचा पल्स म्हणजे अमुक पिकोकुलंब, हे प्रत्येक जोडणीत नव्याने शिकवावं लागतं, कारण जॉबचा आणि कपलिंगचा कॅपॅसिटन्स बदलला की तोच चार्ज वेगळ्या उंचीचा पल्स देतो. त्यासाठी कॅलिब्रेटर. आत एक छोटा कपॅसिटर आणि एक जलद चढणारी व्होल्टेजची पायरी असते. १० पिकोफॅरडमधून २ व्होल्टची पायरी सोडली की २० पिकोकुलंब. आयईसी ६०२७० मध्ये अपॅरंट चार्जची व्याख्याच अशी आहे: जो चार्ज टर्मिनलवर झटकन सोडला तर मीटर तेवढंच दाखवेल जेवढं त्याने खऱ्या डिस्चार्जला दाखवलं, तो. म्हणजे कॅलिब्रेटर जे करतो तेच व्याख्येत लिहिलंय.

सर्किट बंद करून आधी अर्थ करायचं, मग अर्थ रॉड काढून कॅलिब्रेटर थेट जॉबच्या टर्मिनलवर लावायचा. एक टोक पी१ ला, दुसरं बेसप्लेटला, वायरी आखूड. सोयीचं पडतं म्हणून मीटरजवळ किंवा कपलिंग कपॅसिटरजवळ लावू नका. मध्ये राहिलेल्या वायरीचा परिणाम मग हिशोबाबाहेर राहतो. मर्यादा २० पिकोकुलंब असेल तर २० चा पल्स सोडा आणि मीटर २० वर आणा. मग ५ चा पल्स सोडून मीटर पाचाच्या आसपास येतं का तेही पाहा. येत नसेल तर गेन किंवा नॉइजमध्ये घोळ आहे.

आणि कॅलिब्रेटर काढा. तो बॅटरीवर चालणारा नाजूक डबा आहे, २२ केव्ही बघून तो जिवंत राहत नाही. आमच्या बेवर कॅलिब्रेटर आपल्या कप्प्यात परत दिसल्याशिवाय एचव्ही चालू करायचं नाही असा नियम आहे, आणि तो नियम एक कॅलिब्रेटर जळाल्यानंतर आला.

नॉइज

व्होल्टेज न देता मीटर काय दाखवतंय ते लिहून ठेवा. बॅकग्राउंड मर्यादेच्या निम्म्याहून जास्त नसावं. म्हणजे २० च्या मर्यादेला १० पेक्षा कमी, आणि चांगल्या शील्ड केलेल्या खोलीत ते १-२ वरच असतं. क्रेन, वेल्डिंग, व्हीएफडी यांचे पल्स वेव्हफॉर्मवर ठरलेल्या जागी उभे राहतात नाहीतर सायकलशी संबंध न ठेवता सरकत राहतात. त्यांची ओळख सोपी आहे: तुम्ही व्होल्टेज वाढवलं-घटवलं तरी त्यांना फरक पडत नाही.

मग सर्किटचीच परीक्षा. जॉबच्या जागी पीडी नसल्याची खात्री असलेला जॉब लावून त्यावर कॅलिब्रेशन करा आणि पूर्ण टेस्ट व्होल्टेजपर्यंत जाऊन या. इथे काही दिसलं तर दोष तुमच्या शील्डमध्ये, ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा खोलीत पडलेल्या एखाद्या सुट्या पत्र्यात आहे. हे सकाळी एकदा केलं की दिवसभर जॉबवर संशय घेताना हात अडखळत नाही.

व्होल्टेज: वर जाऊन मग खाली

आयईसी ६१८६९-१ मध्ये १२ केव्ही सीटीची पॉवर फ्रिक्वेन्सी टेस्ट २८ केव्हीची आहे. पीडी दोन प्रकारे घेता येते. एक तर २८ केव्हीचा मिनिट संपल्यावर खाली येताना, किंवा नंतर वेगळी, २८ च्या ८० टक्के म्हणजे २२.४ केव्हीवर निदान ६० सेकंद थांबून. दोन्हींत पुढचं सारखंच आहे. व्होल्टेज मध्ये न तोडता खाली आणायचं, ठरलेल्या पातळीला थांबायचं, आणि ३० सेकंदांच्या आत वाचन घ्यायचं. न्यूट्रल नीट अर्थ नसलेल्या सिस्टिमसाठीच्या सीटीला पहिली पातळी १४.४ केव्ही, तिथे घन इन्सुलेशनला मर्यादा ५० पिकोकुलंब. न्यूट्रल नीट अर्थ असेल तर हीच पातळी १२ केव्हीला येते. दुसरी पातळी दोन्हींना ८.३ केव्ही, मर्यादा २०.

आधी वर का न्यायचं? आपल्या कागदावरच्या पोकळीकडे परत या. ती १९ केव्हीला सुरू होते. शून्यावरून सरळ १४.४ ला जाऊन थांबलात तर ती अगदी शांत असेल आणि मीटर नुसतं बॅकग्राउंड दाखवेल. पण २२.४ ला नेऊन खाली आणलंत तर चित्र वेगळं. एकदा ठिणगी पडली की पोकळीच्या भिंतींवर चार्ज साचतो, आणि पुढच्या अर्ध्या सायकलला तो साचलेला चार्ज बाहेरच्या व्होल्टेजला हातभार लावतो. त्यामुळे डिस्चार्ज सुरू व्हायला जेवढं व्होल्टेज लागतं तेवढं तो चालू राहायला लागत नाही. पोकळी दर वेळी पूर्ण रिकामी होत असेल तर हिशोबाने तो निम्म्या व्होल्टेजपर्यंत चालू राहतो, इथे साडेनऊ केव्हीपर्यंत. प्रत्यक्षात पोकळीत थोडं व्होल्टेज उरतं, म्हणून तो जरा आधीच विझतो.

म्हणजे २० मिमीच्या जॉबवर १४.४ केव्हीला १४ पिकोकुलंब दिसतील आणि ८.३ ला काही नाही. पास. १० मिमीच्या जॉबवर डिस्चार्ज १० केव्हीला सुरू होतो आणि ५ च्या जवळपास विझतो. १४.४ ला २९ दिसतील, ५० च्या आत, ठीक. पण ८.३ लाही ते २९ च राहतील, आणि तिथे मर्यादा २० आहे. नापास. आणि हे योग्यच आहे. या सीटीवर सर्व्हिसमध्ये फेज ते अर्थ ६.९ केव्हीपर्यंत व्होल्टेज कायम असतं. पहिल्या जॉबमधली पोकळी एखाद्या सर्जने पेटली तरी सर्ज गेल्यावर विझेल. दुसऱ्यातली विझणार नाही. दर सायकलला कमीत कमी दोनदा, वर्षानुवर्षं, ती रेझिनच्या भिंती कुरतडत बसेल. खालच्या पातळीची मर्यादा वरच्यापेक्षा कडक आहे ती यासाठीच. म्हणून पास-नापासाबरोबर मी दोन व्होल्टेज नेहमी लिहून ठेवतो: चढताना डिस्चार्ज कुठे सुरू झाला आणि उतरताना कुठे विझला. फॉर्मवर रकाना नसला तरी.

वाचन घेताना सगळ्यात मोठा एकुलता पल्स घ्यायचा नाही, पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात मोठा घ्यायचा. आधुनिक मीटर हे स्वतः करतं, पण एखादा चुकार पल्स बघून घाबरायचं नाही एवढं लक्षात असू द्या.

आकड्याच्या शेजारी पॅटर्न बघा

पल्स सायकलच्या कुठल्या भागात येतात हे दाखवणारा पॅटर्न नसेल तर ३० पिकोकुलंब म्हणजे नुसते ३० पिकोकुलंब. रेझिनच्या पोटात असलेल्या पोकळीचे पल्स दोन्ही अर्ध्या सायकलमध्ये साधारण सारखे, आणि व्होल्टेज चढत असताना येतात, शून्याच्या आसपासपासून पीकपर्यंत. पीकनंतर शांतता. पोकळीची एक बाजू धातूची असेल, म्हणजे रेझिन बारपासून सुटलं असेल, तर दोन अर्ध्या भागांत तफावत दिसते: एकात मोजके पण मोठे पल्स, दुसऱ्यात पुष्कळ पण लहान.

एचव्हीच्या टोकावरचा करोना बरोबर निगेटिव्ह पीकवर बसतो, सगळे पल्स एका उंचीचे, कंगव्याच्या दात्यांसारखे. तेच दाते पॉझिटिव्ह पीकवर दिसले तर टोक अर्थ बाजूला शोधा. हवेतला करोना जॉबचा दोष नाही, पण त्याच्या आड १४ पिकोकुलंबची पोकळी लपू शकते, म्हणून तो घालवूनच पुढे जायचं. सुट्या धातूचे पल्सही एका उंचीचे असतात, पण ते दोन्ही बाजूंना येतात आणि व्होल्टेज वाढवलं की त्यांची उंची नाही, संख्या वाढते. सेकंडरी मोकळी राहिल्याची खूण हीच. त्या दिवशी मी आकडा बघितला होता, पॅटर्न बघितला नव्हता.

आणखी एक फसवणूक आहे. डिस्चार्ज चालू असलेला जॉब तसाच ठेवला तर कधीकधी आकडा आपोआप उतरत जातो, अगदी नाहीसाही होतो. पोकळीच्या भिंतींवर डिस्चार्जमुळे किंचित वाहक थर बसतो, आतल्या वायूची घडण बदलते, आणि ठिणगी तात्पुरती थांबते. पोकळी तिथेच असते. म्हणून "अर्धा तास ठेवला, आता पास होतोय" हा निकाल धरू नये. उलटही घडतं. ताज्या, छोट्या पोकळीत ठिणगीला सुरुवात करून देणारा पहिला इलेक्ट्रॉन वेळेवर मिळत नाही, आणि पुरेसं व्होल्टेज असूनही ती काही मिनिटं गप्प बसते. २८ किंवा २२.४ केव्हीला एक मिनिट थांबायचं ते तिला संधी द्यायला. ते मिनिट चोरू नका.

एका बॅचमध्ये आमच्याकडे १४.४ केव्हीला ६५ पिकोकुलंब दाखवणारी सीटी आली. विझण्याचं व्होल्टेज ११ केव्ही, ८.३ ला शांत. कोणीतरी म्हणालं, सर्व्हिसमध्ये तर पेटणारच नाही, १५ पिकोकुलंबसाठी कशाला अडवता. पण पॅटर्न एकतर्फी होता, एका बाजूला मोठे आणि मोजके पल्स. म्हणजे पोकळी धातूला लागून असणार. जॉब बँडसॉवर आडवा कापला आणि कापावर लाल डाय लावून पुसला. बार जिथे वाकतो तिथे त्याच्या कडेला केसाएवढी लाल रेघ उरली, सुमारे ३ सेंटिमीटर लांब. त्या वळणावर बारवरच्या मऊ टेपचे वेढे सुटलेले होते, त्यामुळे रेझिन थंड होऊन आकसताना धातूपासून अलग झालं होतं. बॅचमधल्या आणखी चार सीटींचा पॅटर्न तसाच एकतर्फी होता. त्यांतल्या तिघी ५० च्या आत होत्या. त्या चारही बाजूला काढल्या आणि टेप गुंडाळणाऱ्या टेबलावर जाऊन बसलो.